सेशन आरपीई: पोरांचा आठवड्याचा भार कसा मोजायचा आणि अचानक उसळी कशी टाळायची

कोल्हापुरात शाळांचे आणि तालमींच्या ज्युनिअर संघांचे काही प्रशिक्षक आता सरावानंतर पोरांना आकडा विचारतात: आजचा सराव दहापैकी किती जड गेला? यालाच सेशन आरपीई म्हणतात, म्हणजे पूर्ण सराव किती जड वाटला याचा खेळाडूनं स्वतः दिलेला आकडा. आकडे वहीत नीट असतात, तरी स्पर्धेच्या आठवड्यात कुणाची मांडी ओढली जाते, कुणाची टाच धरते. मग "हे आकडे काही कामाचे नाहीत" असं म्हणून वही कपाटात जाते. वहीत चूक नसते. चुका नेहमीच्या तीन जागी होतात. प्रश्न चुकीच्या पद्धतीनं विचारलेला असतो, मैदानाबाहेरचा खेळ वहीत आलेला नसतो, आणि बेरीज आठवडा संपल्यावर केलेली असते, म्हणजे तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हा लेख शालेय फुटबॉल संघासाठी आहे. १७ वर्षांखालचा गट, पोरं १४ ते १६ वयाची, आठवड्यातून चार-पाच दिवस सराव, आणि बहुतेक पोरं शाळेबरोबर पेठेतल्या संघाकडूनही खेळणारी. हॉकी, कबड्डी किंवा खो-खोच्या संघालाही हेच टप्पे चालतील, फक्त मिनिटं बदलतील.

हिशेब एका ओळीचा आहे. खेळाडूनं सांगितलेला आकडा गुणिले सरावाची मिनिटं. ७५ मिनिटांचा सराव आणि आकडा ६, म्हणजे त्या दिवसाचा भार ४५०. या ४५० ला कसलंही एकक नाही. तो त्याच पोराच्या इतर दिवसांशी आणि आठवड्यांशी ताडून पाहायचा असतो.

## तयारी: पहिला आकडा घेण्याआधी

१. पट्टी मराठीत लिहून काढा. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ही पट्टी लिहा आणि ती रोज मैदानावर न्या. पोरांनी आकडा मनातल्या मनात काढायचा नाही, पट्टीवरचे शब्द वाचून काढायचा.

० – आराम, काहीच नाही
१ – अगदीच हलकं
२ – हलकं
३ – मध्यम
४ – थोडं जड
५ – जड
७ – खूप जड
१० – याच्यापेक्षा जड होऊच शकत नाही

६, ८ आणि ९ पुढे मुद्दाम शब्द नाहीत. "जड"पेक्षा जास्त पण "खूप जड" नाही, तर ६. पट्टीवर हसरे-रडके चेहरे काढू नका. चेहरे पाहिले की पोरं "मजा आली का" याचं उत्तर देतात, आणि हरलेल्या सामन्याचा आकडा उगाच चढतो.

२. दोन टोकं अनुभवायला द्या. ज्या पोरानं खरा १० कधी अनुभवलेला नाही, त्याचा ६ हा निव्वळ अंदाज असतो. वॉर्म-अपनंतर एक चढत्या वेगाची धाव घ्या, म्हणजे खुणा लावून पुढेमागे पळायची आणि दर मिनिटाला वेग वाढवायची. पोरगं थांबलं की पट्टी दाखवून सांगा, "आत्ता जे वाटतंय ते दहाच्या जवळचं." दुसऱ्या दिवशी नुसतं चालणं आणि पासिंग ठेवा आणि तेव्हा "हे एक-दोन" असं दाखवा. ही धाव ताज्या, निरोगी पोरांनाच द्यायची. दुखापतीतून परतलेल्याला नाही.

३. मिनिटं कशी मोजायची ते एकदाच ठरवा. माझा नियम असा: वॉर्म-अप सुरू झाल्यापासून शेवटची शिट्टी वाजेपर्यंत. पाण्याची विश्रांती धरायची. मैदान मोकळं व्हायची वाट पाहत बसलेला वेळ आणि शेवटचं स्ट्रेचिंग धरायचं नाही. सामन्यात वॉर्म-अप अधिक तो पोरगा प्रत्यक्ष खेळला तेवढी मिनिटं, मध्यंतर सोडून. तुम्ही वेगळा नियम केला तरी चालेल, पण हंगामाच्या मध्यावर तो बदलू नका. नियम बदलला की जुने आठवडे आणि नवे आठवडे शेजारी ठेवता येत नाहीत.

४. दोन जबाबदाऱ्या वाटून द्या. एक जण मिनिटं लिहितो, एक जण आकडे घेतो. दोन्ही कामं मुख्य प्रशिक्षकानं स्वतःकडे ठेवली की गडबडीच्या दिवशी वही कोरी राहते, आणि गडबडीचे दिवस म्हणजे नेमके सामन्यांचे दिवस.

> तपासणी: तीन वेगवेगळ्या पोरांना विचारा, "चार म्हणजे काय?" तिघांनी पट्टीवरचा शब्द सांगितला तर पुढे जा. "चार म्हणजे निम्म्यापेक्षा थोडं कमी" असं उत्तर आलं तर पट्टी अजून समजलेली नाही.

## टप्पा १: प्रश्न विचारणं

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रश्न असा विचारायचा: "आजचा सराव एकूण कसा गेला?" आणि पट्टी पुढे करायची. "किती दमलास?" असं विचारायचं नाही. दमणं आत्ताचं असतं. आपल्याला वॉर्म-अपपासून शेवटपर्यंतच्या पूर्ण सरावाचा अंदाज हवा असतो. शेवटची दहा मिनिटं स्प्रिंट घेतल्या असतील आणि लगेच विचारलं, तर त्या दहा मिनिटांचा आकडा मिळतो, आधीचा तास विसरला जातो.

म्हणूनच सराव संपल्यावर साधारण ३० मिनिटांनी विचारायचं हा मूळ नियम आहे. आपल्याकडे ते जमवणं कठीण. संध्याकाळी साडेसहाला सराव सुटला की पोरं सायकलीला टांग मारून क्लासला पळतात. अशा वेळी स्ट्रेचिंग, गोळे-खुणा गोळा करणं, बूट बदलणं हे सगळं आधी उरकून घ्या आणि फाटकातून बाहेर पडताना एकेकाला विचारा. पंधरा मिनिटं गेली तरी पुष्कळ आहे. मात्र ती रोज साधारण तेवढीच जाऊ द्या. एक दिवस शिट्टी वाजताच आणि दुसऱ्या दिवशी तासाभरानं विचारलं, तर दोन आकडे एका जातीचे राहत नाहीत.

एकेकालाच विचारायचं, बाकीच्यांच्या कानावर जाणार नाही असं. गोल करून उभं केलं आणि कप्तान "तीन, सर" म्हणाला, की पुढची दहा पोरं तीन-चारच्या वर जात नाहीत. कोल्हापुरी पोरगं चारचौघांत "लई जड गेलं" म्हणणार नाही. ते "काय विशेष नाही सर" असंच म्हणणार. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकडे मागवणं हे त्याच गोलाचं दुसरं रूप आहे, तिथेही सगळ्यांचं सगळ्यांना दिसतं. शिवाय बऱ्याच पोरांकडे स्वतःचा फोन नसतो. वही आणि पुठ्ठा पुरतो.

आकडा ऐकून तुमचा चेहरा बदलता कामा नये. "आठ? एवढ्यात?" असं एकदा म्हणालात की तो मुलगा पुन्हा कधी आठ सांगणार नाही. तसंच आकड्यावरून संघनिवड होते असा संशय एकदा पोरांच्या मनात गेला की वही संपली. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: मोठा आकडा सांगितला म्हणून कुणाला बसवणार नाही, छोटा सांगितला म्हणून कुणाला घेणार नाही. आणि ते पाळा.

एखाद्या दिवशी विचारायचं राहिलंच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत विचारा. तेवढं चालतं. रविवारी बसून अख्ख्या आठवड्याचे आकडे आठवून लिहायचे नाहीत.

> इशारा: एखादं पोरगं सलग दोन आठवडे रोज ५ च सांगत असेल, तर ते पट्टी वाचत नाही. हलक्या दिवशी त्याला बाजूला घेऊन पट्टी पुन्हा वाचायला लावा. त्याचे आधीचे आकडे खोडू नका, पण त्यावरून निर्णय घेऊ नका.

## टप्पा २: बाहेरचा खेळ वहीत आणणं

शाळेचा सराव हा पोराच्या आठवड्याचा एक भाग असतो. रविवारी गांधी मैदानावर मोठ्या पोरांबरोबर सामना, रात्री मित्रांनी पैसे काढून घेतलेलं टर्फ, सकाळी वडिलांबरोबर रंकाळ्याभोवती पळणं, पीटीच्या तासाला कबड्डी, एनसीसीची परेड. पायांना यातला फरक कळत नाही. प्रशिक्षकाच्या वहीत मात्र यातलं काहीच नसतं, आणि मग "सराव तर हलकाच ठेवला होता" असं म्हणायची वेळ येते.

रोज आकडा घेताना दुसरा प्रश्न जोडा: "काल इथून गेल्यावर किंवा आज सकाळी अजून काही खेळलास?" उत्तर "हो" असेल तर किती वेळ आणि पट्टीवर किती, एवढंच. सोमवारी रविवारबद्दल हाच प्रश्न. मिनिटं अंदाजे असली तरी चालतील. टर्फ बहुधा तासानंच घेतात, त्यामुळे अंदाज फार चुकत नाही.

पोरगं खोटं बोलेल ते एकाच कारणानं, बाहेर खेळल्याबद्दल ओरडा बसेल म्हणून. तेव्हा ओरडू नका. तालमीच्या संघाचे जे दादा असतात त्यांच्याशी एकदा समोरासमोर बोलून घ्या. त्यांनाही पोरगं सामन्याला धड हवं असतं. कुणाचा सामना कधी आहे एवढं दोघांना माहीत असलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

रोजचं सायकलवरून येणं-जाणं धरायचं नाही. ते दर आठवड्याला तेवढंच असतं.

## टप्पा ३: नोंद ठेवणं

वहीत ठेवलीत तर प्रत्येक पोराला एक पान आणि एका ओळीत एक सत्र: तारीख, कशाचं सत्र, मिनिटं, आकडा, गुणाकार. गूगल शीटमध्ये ठेवायचं असेल तर A मध्ये तारीख, B मध्ये जर्सी क्रमांक, C मध्ये सत्राचा प्रकार, D मध्ये मिनिटं, E मध्ये आकडा. F मध्ये हे सूत्र:

```
=IF(OR(D2="",E2=""),"",D2*E2)
```

बाजूला H मध्ये त्या-त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख लिहा, आणि I मध्ये, समजा ८ क्रमांकाच्या खेळाडूची, आठवड्याची बेरीज:

```
=SUMIFS(F:F,B:B,8,A:A,">="&H2,A:A,"<="&H2+6)
```

शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे ना, ते आधी पाहा. अमेरिका असेल तर 05/07 ही ५ जुलै न राहता ७ मे होते आणि बेरीज गुपचूप चुकते.

यात एकच गोष्ट जपायची: कोरी जागा आणि शून्य वेगळे आहेत. पोरगं घरी आरामात होतं तर मिनिटं ० आणि आकडा ० लिहा. माहिती नसेल तर जागा कोरी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी विचारून भरा. कोरी जागा आराम समजली गेली की तो आठवडा खोटा हलका दिसतो, आणि त्याच्यावर बेतलेला पुढचा आठवडा खराच जड होतो.

> तपासणी: सोमवारी सकाळी प्रत्येक पोराच्या मागच्या आठवड्यात सातही दिवसांची किमान एक ओळ आहे का, ते मोजा. दोनपेक्षा जास्त दिवस कोरे असतील तर त्या आठवड्याची बेरीज वापरू नका.

## टप्पा ४: पाया बांधणं

पहिले चार आठवडे फक्त गोळा करायचं. सराव नेहमीसारखाच घ्या, कुठलाही निर्णय आकड्यावरून घेऊ नका. जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्याबरोबर वही उघडली तर जुलैच्या मध्यापर्यंत पाया तयार होतो आणि शालेय स्पर्धांच्या दिवसांत तो कामाला येतो.

याच काळात पाऊस लागतो, आणि इथेच या पद्धतीचा खरा उपयोग दिसतो. जूनच्या सुरुवातीला कोरड्या मैदानावर ४ वाटणारा तासाभराचा सराव जुलैच्या चिखलात ६ चा होतो. घड्याळात ६० मिनिटंच दिसतात, पण भार २४० वरून ३६० वर गेलेला असतो. तुमचा कागदावरचा कार्यक्रम तोच राहिला तरी पोरांचा आठवडा बदललेला असतो.

दर सत्राआधी तुमचा स्वतःचा अपेक्षित आकडाही पेन्सिलनं लिहून ठेवा. जिथे वही ठेवली जाते तिथे एक गोष्ट वारंवार आढळते: प्रशिक्षकानं हलका ठरवलेला दिवस पोरांना त्याहून जड जातो आणि जड ठरवलेला दिवस त्याहून हलका. म्हणजे सगळे दिवस मधल्या पातळीवर येतात आणि विश्रांती अशी कधी मिळतच नाही. तुमच्या ३ ला बहुतेक पोरं ५ म्हणत असतील, तर तो सराव हलका नव्हता.

## टप्पा ५: तुलना, आणि तीही आठवडा सुरू होण्याआधी

तुलना करायची ती येणाऱ्या आठवड्याच्या नियोजित भाराची, त्याच पोराच्या मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी. I2 ते I5 मध्ये मागचे चार आठवडे आणि I6 मध्ये येणारा आठवडा असेल तर:

```
=I6/AVERAGE(I2:I5)
```

उत्तर १.३ पर्यंत असेल तर आठवडा ठरवल्याप्रमाणे घ्या. १.३ ते १.५ असेल तर त्या पोराशी बोला, झोप कशी आहे, कुठे दुखतंय का ते विचारा. १.५ च्या वर गेलं तर आठवडा बदला. या रेषा मुख्यतः मोठ्या वयाच्या व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासांतून आल्या आहेत, आणि हे गुणोत्तर दुखापतीचं भाकीत करत नाही. या आकडेवारीवर अभ्यासकांमध्ये मोठा वाद आहे. १.४९ ला सुरक्षित आणि १.५१ ला धोका असं काही नसतं. या रेषेचा उपयोग एवढाच, की कुठल्या पोराकडे आज लक्ष द्यायचं ते ती दाखवते.

चालू आठवडा सरासरीत मिसळू नका. ही चूक बरेच जण करतात आणि उसळी लपते. किती लपते ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

आणि संघाची सरासरी काढून निर्णय घेऊ नका. संघाची सरासरी १५०० असताना बाकावरच्या पोराचे ७०० असू शकतात आणि मध्यरक्षकाचे २७००.

## एक आठवडा उलगडून पाहू

८ क्रमांकाचा मध्यरक्षक घेऊ. शाळेकडून खेळतो, रविवारी तालमीकडून. त्याचा एक नेहमीचा आठवडा असा:

सोमवार ६० मिनिटं × ४ = २४०
मंगळवार ७५ × ६ = ४५०
बुधवार आराम = ०
गुरुवार ७५ × ५ = ३७५
शुक्रवार ४५ × ३ = १३५
शनिवार आराम = ०
रविवार तालमीचा सामना ५० × ८ = ४००
बेरीज १६००

त्याआधीचा आठवडा १४५० चा होता, नंतरचा १५०० चा. मग घटक चाचणी आली. शाळेनं आठवडाभर सराव बंद ठेवला. शाळेच्या वहीत तो आठवडा कोरा, पण पोरगं दोनदा टर्फवर गेलं, प्रत्येकी ५० मिनिटं, आकडा ६. म्हणजे ६००.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मनपा स्तराची स्पर्धा. आठवडाभर सराव बुडाला म्हणून सरांनी सोमवारी ७५ मिनिटं घेतली, आकडा ६, भार ४५०. मंगळवारी अजून जोर लावला, ७५ मिनिटं, ७, भार ५२५. बुधवारपासून बाद पद्धतीचे सामने. संघ जिंकत गेला, म्हणून लागोपाठ तीन दिवस सामने: ६० × ८ = ४८०, पुन्हा ४८०, आणि शुक्रवारी ६० × ९ = ५४०. रविवारी तालमीची सरावी लढत, ४० × ६ = २४०. बेरीज २७१५.

मागचे चार आठवडे १४५०, १६००, १५०० आणि ६००, त्यांची सरासरी साधारण १२८८. २७१५ भागिले १२८८ म्हणजे २.१. एका आठवड्यात नेहमीच्या दुपटीहून जास्त. हाच आठवडा सरासरीत मिसळला असता तर उत्तर १.७ आलं असतं, आणि फक्त शाळेच्या वहीवर विसंबलं असतं तर टर्फही दिसलं नसतं आणि रविवारही.

आता यात काय बदलता आलं असतं? सामने आपल्या हातात नाहीत. तीन सामन्यांचे १५०० येणारच, संघ जिंकला तर. बाद पद्धतीत नेहमी जिंकत गेलो तर असा हिशेब धरायचा. पहिल्या फेरीत हरू असं धरून आखणी केली की उसळी ठरलेलीच.

हातात आहेत ते दोन आठवडे. चाचणीच्या आठवड्यात सराव पूर्ण बंद न ठेवता ४० मिनिटांची चार छोटी सत्रं, पेपर सुटल्यावर: ४० × ६, ४० × ७, ४० × ६ आणि ४० × ५, एकूण ९६०. टर्फऐवजी हेच, आणि घरच्यांनाही ४० मिनिटं पटतात. मग स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी ४५ मिनिटंच, ४५ × ४ = १८०. मंगळवारी ३० मिनिटं सेट-पीस आणि पासिंग, ३० × ३ = ९०. तीन सामने १५००. रविवारी तालमीच्या दादांना आधीच सांगून सुट्टी. बेरीज १७७०. मागची सरासरी आता साधारण १३७८, आणि उत्तर १.२८.

स्पर्धेचे सामने तेच, त्यांची मिनिटं तीच. फरक पडला तो सामन्यांआधीचा खड्डा भरल्यामुळे आणि "बुडालेलं भरून काढू" हा सोमवार-मंगळवार आणि रविवारची लढत काढल्यामुळे. उसळी बहुतेकदा अशीच तयार होते: आधी एक रिकामा आठवडा, मग त्याची भरपाई.

## टप्पा ६: गुणोत्तर वर गेलं तर काय कापायचं

क्रम ठरलेला ठेवा. आधी बाहेरचं टर्फ आणि वेगळं पळणं. मग नियोजित सरावाची मिनिटं. मग सरावातली तीव्रता, म्हणजे छोट्या मैदानावरचे ३ विरुद्ध ३ सारखे खेळ कमी करून स्थिर सराव. सामन्यातली मिनिटं सगळ्यात शेवटी. बरेच प्रशिक्षक उलटं करतात: सराव तसाच ठेवतात आणि सामन्यात पोराला बसवतात, मग पोरगं पुढच्या वेळी आकडा लपवतं.

आठवड्याच्या मध्यावर, बुधवारी संध्याकाळी, झालेला भार आणि उरलेल्या दिवसांचा नियोजित भार मिळवून पुन्हा एकदा पाहा. पाऊस, अतिरिक्त वेळ, अचानक ठरलेला सामना यामुळे सोमवारचा हिशेब तोवर बदललेला असतो.

> इशारा: पाया, म्हणजे मागच्या चार आठवड्यांची सरासरी, फार छोटा असेल तर गुणोत्तर फसवतं. मे महिनाभर गावी राहिलेल्या पोराचा पाया २०० असेल तर ४०० झाले की उत्तर २ येतं, प्रत्यक्षात वाढलेलं असतं एकच मध्यम सत्र. अशा पोराचं गुणोत्तर बाजूला ठेवा आणि दर आठवड्याला साधारण २०० ते २५० ची, म्हणजे एका मध्यम सत्राची भर घाला. ताप किंवा दुखापतीनंतर परतलेल्यालाही हेच लागू. संघाबरोबर पहिल्या दिवसापासून पूर्ण सराव द्यायचा नाही.

## बाकावरची पोरं आणि उंची वाढणारी पोरं

या दोन गटांचे आकडे वेगळे वाचावे लागतात.

बाकावरच्या पोराचा भार स्पर्धेच्या दिवसांत घसरतो. सराव हलका झालेला असतो आणि सामन्यात त्याला दहा मिनिटं मिळतात. दोन आठवड्यांनी कुणी जखमी झालं की यालाच पूर्ण सामना खेळायला उतरवतात, आणि उसळी त्याच्या पायांवर येते. सामना संपल्यावर न खेळलेल्या पोरांना तिथेच कडेला १५-२० मिनिटं पळवा, छोट्या जागेत ३ विरुद्ध ३ खेळवा, आणि ते वहीत लिहा.

दुसरा गट झपाट्यानं उंच होणाऱ्यांचा. मुलांमध्ये ही वाढ साधारण १३-१४ च्या आसपास सगळ्यात वेगानं होते, कुणाची आधी, कुणाची नंतर. या काळात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखणं सामान्य आहे. त्या जागी वाढीचा भाग अजून मऊ असतो आणि स्नायू त्याला ओढत असतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भिंतीला पट्टी लावून, बूट काढून, सगळ्यांची उंची मोजा आणि त्याच पानावर लिहा. उंची झपाट्यानं वाढतेय असं दिसलं तर त्या पोरासाठी मी १.३ लाच थांबतो आणि उड्या व स्प्रिंट आधी कापतो. एका जागी बोट ठेवून दुखतंय म्हणालं, लंगडत असेल किंवा रात्री दुखत असेल, तर त्याचा आकडा ३ असला तरी खेळ थांबवून डॉक्टरांकडे पाठवा. वही दुखणं मोजत नाही.

बारा वर्षांखालच्या पोरांना ही पट्टी नीट वापरता येईलच असं नाही. त्यांच्यासाठी मिनिटं आणि आठवड्यातल्या सामन्यांची संख्या एवढंच लिहा, आणि दोन सामन्यांमध्ये एक मोकळा दिवस ठेवा.